जुलाब थांबल्यानंतरचे दिवस

वाचकाचे पत्र : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अडीच महिन्यांपूर्वी त्याला जुलाब सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी शौचातून रक्त पडू लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिले, अँटिबायोटिक दिले नाही. पाचव्या दिवशी जुलाब थांबले म्हणून आम्ही निर्धास्त झालो. सातव्या दिवशी तो पांढराफटक पडला आणि लघवी जवळजवळ बंद झाली. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी आल्या, डेंग्यूची शंका आली आणि त्यात एक दिवस गेला. मग मोठ्या रुग्णालयात एचयूएस, म्हणजे हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, असे निदान झाले आणि आठ दिवस पोटाचे डायलिसिस करावे लागले. आता तो खेळतो, जेवतो, क्रिएटिनिनही नॉर्मल आले आहे. सासूबाई म्हणतात, आदल्या दिवशी पाणीपुरी खाऊ घातलीस म्हणून हे झाले. यांचे म्हणणे असे की वेळीच जोरदार औषध मिळाले असते तर किडनीवर आलेच नसते, आणि आता पोराला सुया टोचणे पुरे. धाकटी दीड वर्षाची आहे. तिच्यासाठी मी अँटिबायोटिकची बाटली घरात आणून ठेवली आहे. डॉक्टर बदलावेत का, तपासण्या थांबवाव्यात का, आणि धाकटीला जुलाब झाले तर मी काय करावे?

उत्तर :

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या कागदांमधला शेवटचा अहवाल तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. त्यात क्रिएटिनिन ०.८ आहे आणि शेजारी ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली आहे. आकडा मर्यादेत बसल्यामुळे त्यावर ठळक खूण नाही, आणि तुम्ही तो नॉर्मल समजलात यात तुमचा काहीच दोष नाही. मात्र ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य. ते स्नायूंमधून तयार होते आणि साडेचार वर्षांच्या मुलाच्या अंगात स्नायू थोडेच असतात, त्यामुळे या वयाच्या निरोगी मुलाचे क्रिएटिनिन साधारणपणे ०.३ ते ०.५ च्या दरम्यान असते. मुलांची मूत्रपिंडे किती काम करत आहेत याचा अंदाज घेण्यासाठी बालरोगतज्ज्ञ एक सोपे सूत्र वापरतात: मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला ०.४१३ ने गुणायचे आणि आलेल्या संख्येला क्रिएटिनिनने भागायचे. डिस्चार्ज कार्डावर उंची १०४ सेंटिमीटर आहे. गुणाकार सुमारे ४३ येतो आणि ०.८ ने भागल्यावर उत्तर ५४ च्या आसपास येते. निरोगी मुलात हा आकडा ९० च्या वर असतो. त्याचे क्रिएटिनिन ०.४ असते, तर हेच उत्तर १०७ आले असते.

हे वाचून तुमच्या काळजात धस्स होईल याची मला कल्पना आहे, म्हणून लगेच पुढचे सांगते. ही तपासणी झाली तेव्हा डायलिसिस थांबून जेमतेम सव्वा महिना झाला होता, आणि या आजारातून मूत्रपिंडे सावरण्याचे काम त्यानंतरही कित्येक महिने चालू राहते. शिवाय काही प्रयोगशाळा क्रिएटिनिन मोजण्याची जी जुनी पद्धत वापरतात, ती लहान मुलांमध्ये खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवते. तेव्हा ५४ हा काही निकाल नव्हे. पण तपासण्या थांबवण्याला आधार म्हणून तो मुळीच चालणार नाही. येत्या आठवड्यात क्रिएटिनिन पुन्हा करून घ्या, ते एन्झायमॅटिक पद्धतीने होते का हे प्रयोगशाळेत विचारा, यापुढे दर वेळी त्याच प्रयोगशाळेत जा आणि अहवाल घेऊन मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञांना भेटा.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे वळते. वेळीच जोरदार औषध मिळाले असते तर हे टळले असते, या म्हणण्यामागे एक समजूत आहे की जंतू आतड्यातून रक्तात गेला, तिथून मूत्रपिंडात पोहोचला आणि औषधाने त्याला वाटेत गाठायला हवे होते. हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम या आजारात तसे होत नाही. जंतू आतड्यातच राहतो. तो जे विष तयार करतो तेवढेच रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांतल्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटते. अस्तर सुजते, सोलवटते आणि त्या जागी प्लेटलेट गोळा होऊन सूक्ष्म गुठळ्या बनतात. प्लेटलेट अशा रीतीने खर्ची पडतात, म्हणून रक्तातली त्यांची संख्या घसरते. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात, म्हणून हिमोग्लोबिन उतरते. रक्त पुढे सरकत नाही, म्हणून मूत्रपिंडाच्या गाळण्या बंद पडतात आणि क्रिएटिनिन चढते. या तिन्ही गोष्टी एकाच जखमेतून येतात, आणि बहुतेक वेळा जुलाब सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान त्या दिसू लागतात. नेमके त्याच सुमारास जुलाब थांबत आलेले असतात.

तुमच्या मुलाच्या कागदांमध्ये हा क्रम स्पष्ट दिसतो. सातव्या दिवशीच्या पहिल्या अहवालात हिमोग्लोबिन ८.२ आणि प्लेटलेट ५८ हजार होत्या. पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटलेट कमी दिसल्या की सगळ्यांच्या तोंडी डेंग्यूचेच नाव येते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. फरक शेजारच्या आकड्यात असतो. डेंग्यूच्या धोक्याच्या टप्प्यात रक्तातला पातळ भाग वाहिन्यांबाहेर झिरपतो, त्यामुळे रक्त घट्ट होते आणि हिमोग्लोबिन मूळच्यापेक्षा वर जाण्याकडे कल असतो. इथे प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही खाली आले होते. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात ते ६.६ भरले, प्लेटलेट ४१ हजार झाल्या आणि क्रिएटिनिन ३.९. त्याच दिवशी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि कार्डावर ‘फ्रॅगमेंटेड आरबीसी’ अशी नोंद झाली. निरोगी तांबड्या पेशी गोल, मधे फिकट दिसतात. त्यांच्या जागी तिथे त्रिकोणी, टोके निघालेले, एका बाजूने कापल्यासारखे तुकडे दिसत होते. खाली आणखी दोन नोंदी आहेत ज्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह होती, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती तांबड्या पेशींवर हल्ला करत नव्हती, पेशी वाटेत फाटत होत्या. रक्त गोठण्याची वेळ नॉर्मल होती, म्हणजे रक्तभर पसरलेल्या जंतुसंसर्गामुळे प्लेटलेट कमी झाल्या असण्याची शक्यता मागे पडली. तुम्ही पुढच्या पानावर समासात विचारले आहे की प्लेटलेट इतक्या कमी असताना त्या चढवल्या का नाहीत. जोरात रक्तस्राव होत नसेल किंवा शस्त्रक्रिया करायची नसेल, तर या आजारात प्लेटलेट देणे शक्यतो टाळतात, कारण बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच गुठळ्यांमध्ये जाऊन बसण्याची भीती असते. तांबड्या पेशींचे रक्त मात्र दिले गेले आणि ते योग्यच झाले.

अँटिबायोटिकच्या प्रश्नाची खरी अडचण अशी आहे की हेच विष दोन वेगवेगळे जंतू तयार करतात आणि दोघांसाठी वागण्याची रीत वेगळी आहे. पहिला जंतू शिगेला डिसेंटेरी, रक्ती आवेचा. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये तो शोधला आणि त्यांच्याच नावावरून त्या विषाला शिगा टॉक्सिन म्हणतात. आपल्या उपखंडात मुलांच्या एचयूएसमागे पूर्वी मुख्यतः हाच असे, आणि त्यावर योग्य अँटिबायोटिक वेळेत देणे आवश्यक असते. दुसरा म्हणजे ई. कोलायचे काही विशिष्ट प्रकार, ज्यांतला ओ१५७ सर्वांत कुप्रसिद्ध आहे. टोरांटोच्या संशोधकांनी १९८३ मध्ये त्याच्या विषाचा आणि एचयूएसचा संबंध दाखवून दिला. या जंतूवर अँटिबायोटिकने एचयूएस टळतो असे सिद्ध झालेले नाही. उलट काही अँटिबायोटिकांचा मारा झाला की मरता मरता तो जास्तच विष सोडतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अमेरिकेत ओ१५७ ची लागण झालेल्या ७१ मुलांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अँटिबायोटिक मिळालेल्या ९ मुलांपैकी ५ जणांना एचयूएस झाला, आणि ते न मिळालेल्या ६२ मुलांपैकीही ५ जणांना. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून शेवटचा शब्द काढता येत नाही. परंतु ‘जोरदार औषध म्हणजे जास्त सुरक्षितता’ हे गृहीतक इथे टिकत नाही, एवढे नक्की.

तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ताप नाही, पोटात जोराच्या कळा, शौचात ताजे रक्त’ असे लिहिलेले आहे. रक्ती आवेत बहुधा चांगला ताप असतो, ई. कोलायच्या त्या प्रकारांमध्ये तो कमी असतो किंवा नसतोच. म्हणजे अँटिबायोटिक न देण्याचा त्यांचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो, आणि दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी तापाने फणफणलेल्या मुलाला ते दिले असते, तर तेही चुकीचे ठरले नसते. त्यांनी दिलेल्या ओआरएसबद्दल तर मला वेगळेपणाने सांगायचे आहे. जुलाबांच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ज्या मुलांच्या शरीरातले पाणी आणि क्षार चांगले टिकून राहतात, त्यांची लघवी पुढे पूर्ण बंद होण्याचे प्रमाण कमी असते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. एचयूएस होऊ घातलेल्या मुलासाठी त्या दिवसांत हाताशी असलेला हाच सर्वांत चांगला उपाय आहे, आणि तो तुमच्या मुलाला मिळाला.

राहून गेले ते वेगळेच. शौचात रक्त दिसल्यावर शौचाचा नमुना कल्चरसाठी आणि शिगा टॉक्सिनच्या तपासणीसाठी गेला नाही, रक्ताची आणि क्रिएटिनिनची सुरुवातीची तपासणी झाली नाही, आणि ‘जुलाब थांबले तरी दोन दिवसांनी मुलाला परत आणा, लघवीवर लक्ष ठेवा’ हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितले नाही. जुलाब थांबल्यावर पालकांनी निर्धास्त होणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून ती जबाबदारी सांगणाऱ्याची आहे. डॉक्टर बदलावेत का, याचे उत्तर मी अँटिबायोटिकवरून देणार नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्यांच्याकडे जा, घडले ते सांगा आणि रक्ताचे जुलाब झालेल्या पुढच्या मुलाच्या पालकांना ते काय सांगतील असे विचारा. ते ऐकून घेत असतील, त्यावर विचार करत असतील, तर तुमच्या मुलाचा पूर्वेतिहास ठाऊक असलेला डॉक्टर घराजवळ असणे फार मोलाचे आहे. ते झटकून टाकत असतील, तर खुशाल बदला.

पाणीपुरीचे म्हणाल, तर ई. कोलायच्या या जंतूला पोटात गेल्यापासून जुलाब सुरू व्हायला बहुधा तीन-चार दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. आदल्या दिवशी खाल्लेल्या पदार्थावर ठपका ठेवता येत नाही. एखाददुसऱ्या मुलाच्या बाबतीत मूळ स्रोत सापडणे जवळजवळ अशक्यच असते. गायीगुरांच्या आतड्यात हा जंतू निरुपद्रवीपणे राहतो आणि शेण लागलेले पाणी, न उकळलेले दूध, अर्धकच्चा खिमा, कच्च्या भाज्या यांतून माणसापर्यंत येतो. २०११ मध्ये जर्मनीत आठशेहून अधिक लोकांना एचयूएस झाला, त्यात बहुतेक प्रौढ होते, आणि माग काढत गेल्यावर संशय मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांवर येऊन थांबला. आपल्याकडे दूध उकळण्याची आणि मोड आलेल्या कडधान्यांची उसळ शिजवण्याची रीत आहे, ती उत्तम आहे. पौष्टिक म्हणून कच्चे मोड लहान मुलांना देऊ नका, आणि गोठ्यात खेळून आलेल्या मुलाचे हात साबणाने धुऊन मगच त्याला जेवायला बसवा. यापलीकडे सासूबाईंच्या आरोपात तथ्य शोधत बसू नका. त्यांनाही हा परिच्छेद वाचायला द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि तुम्ही ती विचारलेली नाही. कार्डावर ‘जुलाबानंतरचा एचयूएस’ असे निदान आहे, पण त्याचा पुरावा म्हणून केवळ शौचाचा कल्चर अहवाल आहे, ज्यात काहीही वाढले नाही. तो नमुना आठव्या दिवशी घेतलेला आहे. तोवर जंतू बहुधा निघून गेलेला असतो, शिवाय साध्या कल्चरमध्ये हे विष ओळखता येत नाही. म्हणजे जंतूमुळे झाले हे शक्य आहे, रक्ताच्या जुलाबांमुळे ते बरेच संभाव्य आहे, पण ते सिद्ध झालेले नाही. एचयूएसचा दुसरा प्रकार असा असतो की रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची संरक्षक यंत्रणा अनावर होऊन स्वतःच्याच रक्तवाहिन्यांचे अस्तर जाळू लागते. त्याची सुरुवातही पुष्कळदा साध्या जुलाबाने किंवा तापाने होते, त्यामुळे केवळ जुलाब होते म्हणून तो प्रकार नाकारता येत नाही. भारतीय मुलांमध्ये त्याचे एक खास कारण वारंवार आढळते: फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी. आपल्या देशातल्या अभ्यासांमध्ये या दुसऱ्या प्रकारच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांत त्या सापडल्या आहेत. ही मुले बहुधा तुमच्या मुलापेक्षा थोडी मोठी, शाळकरी वयाची असतात.

हा भेद केवळ नावाचा नाही. जंतूच्या विषाने झालेला एचयूएस सहसा परत येत नाही आणि त्याचा उपचार म्हणजे शरीराला सावरेपर्यंत आधार देणे. दुसरा प्रकार उलटू शकतो आणि त्यावर प्लाझ्मा बदलणे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देणे असे वेगळे उपचार लागतात, तेही लवकर. तुमच्या मुलाचे वय, रक्ताचे जुलाब, दहा-बारा दिवसांत प्लेटलेट पूर्ववत होणे आणि नंतर त्या टिकून राहणे, हे सगळे पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. तरी मूत्रपिंडतज्ज्ञांना दोन प्रश्न विचारा: फॅक्टर एच अँटिबॉडीची तपासणी झाली होती का, आणि नसल्यास आता करण्यात काही अर्थ आहे का. घरात किंवा नात्यात कोणाला तरुणपणी असा आजार झाला असेल, तर तेही न विसरता सांगा. आणि पुढच्या काही वर्षांत त्याला ताप किंवा जुलाब होऊन तो फिका दिसू लागला किंवा लघवी लालसर, गडद झाली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या.

सुयांबद्दल तुमच्या यजमानांना वाटणारी काळजी मी समजू शकते. आठ दिवस पोटात नळी घेऊन पडलेल्या मुलाला पुन्हा टोचताना कोणत्याही बापाचा जीव तुटेल. त्यांना हे सांगा की यापुढच्या देखरेखीतल्या सर्वांत महत्त्वाच्या दोन तपासण्यांना सुई लागतच नाही. या आजारात मूत्रपिंडाच्या काही गाळण्या कायमच्या जातात. उरलेल्या गाळण्या त्यांचे काम अंगावर घेतात, मुलगा खेळतो, उंची वाढते, क्रिएटिनिनही पुढे खरोखर नॉर्मल होते. पण जादा ताणाखाली त्या गाळण्या काही वर्षांनी प्रथिने गळू देऊ लागतात आणि रक्तदाब चढतो. दोन्हींमुळे मुलाला काहीही जाणवत नाही. या आजारातून उठलेल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांमध्ये पुढे असा काही ना काही परिणाम राहतो, आणि ज्यांना डायलिसिस लागले त्यांच्यात ही शक्यता अधिक असते.

पहिली तपासणी सकाळच्या पहिल्या लघवीची. तिच्यात प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढून घ्यायचे. या वयात ते ०.२ च्या आत असायला हवे. सकाळचीच लघवी घ्यायची, कारण दिवसभर धावल्यावर निरोगी मुलाच्या लघवीतही थोडी प्रथिने येऊ शकतात. दुसरी तपासणी रक्तदाबाची, आणि त्यात आपल्याकडे फार हेळसांड होते. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडावर गुंडाळला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि आजार निसटतो. मुलांसाठीचा पट्टा मागा, मुलगा रडत असेल तर तो शांत होईपर्यंत थांबा, आणि वरचा आकडा पुन्हा पुन्हा ११० च्या पुढे जात असेल तर ते ‘घाबरला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सध्या दर एक-दोन महिन्यांनी, सगळे स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा, असे किमान पाच वर्षे चालू ठेवावे लागेल. तुमच्या मुलाला डायलिसिस लागले होते, म्हणून मी तर ते मोठेपणीही सोडू नका असेच म्हणेन. रक्त त्यांतल्या काही वेळांनाच द्यावे लागेल. प्रथिने गळू लागली हे लवकर कळले, तर एनालाप्रिलसारखी औषधे गाळण्यांवरचा ताण कमी करतात. उशिरा कळले, तर त्या औषधांना वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते. ताप आला तर पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड असलेली औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, ती तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका. औषधांच्या दुकानात मागताना ही नावे लिहून न्या, कारण तापाच्या मिश्र औषधांमध्ये ती लपलेली असतात.

आता धाकटीचे. भावाचा जंतू तिला लागायचा असता तर तो त्याच एक-दोन आठवड्यांत लागला असता. आज तिला जुलाब झाले, तर ते कोणत्याही दीड वर्षाच्या मुलीला होतात तसे असतील, आणि असे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. ती अँटिबायोटिकची बाटली घरात ठेवू नका. विषाणूंवर तिचा उपयोग नाही, रक्ती आवेला ते औषध आणि ती मात्रा योग्य असेल याची खात्री नाही, आणि ओ१५७ असेल तर ते देणे धोक्याचे ठरू शकते. शिवाय ते एकदा दिले की शौचाच्या नमुन्यातून जंतू ओळखणे अवघड होते. जुलाब बांधून ठेवणारी औषधे तर लहान मुलांना कधीच देऊ नयेत. रक्ताच्या जुलाबांमध्ये ती विषाला आतड्यात जास्त वेळ थांबवतात.

साध्या जुलाबात एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पूर्ण पुडी विरघळवा, प्रत्येक पातळ शौचानंतर तिला अर्धी ते एक वाटी चमच्याचमच्याने पाजा, अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्या. शौचात रक्ताची एक रेघ जरी दिसली, तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी शौचाचा नमुना शिगा टॉक्सिनच्या तपासणीसाठी पाठवता येईल का, असे स्पष्ट विचारा. त्याच वेळी रक्ताची पूर्ण तपासणी आणि क्रिएटिनिन करून घेतले, की पुढे तुलना करायला आकडे हाती राहतात. मग एक-दोन दिवसांआड रक्त पाहायचे, आणि जुलाब थांबल्यानंतरही प्लेटलेट स्थिर राहिल्याची खात्री होईपर्यंत ते चालू ठेवायचे. या आजारात सर्वांत आधी प्लेटलेट घसरतात, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन त्यांच्या मागून जातात. एका आकड्यापेक्षा त्यांची दिशा जास्त सांगते: तीन लाखांवरून एक लाख ऐंशी हजार झाल्या, तर अहवालात त्या नॉर्मल छापल्या जातील, पण जागरूक डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतील.

घरी पाहायचे ते लघवी. जुलाबात पाणी कमी झाल्यानेही लघवी कमी होते, त्यामुळे पालकांचा गोंधळ होतो. तोंड कोरडे आहे, डोळे खोल गेले आहेत आणि ओआरएस पोटात गेल्यावर काही तासांत लंगोट ओला झाला, तर ती पाण्याची कमतरता होती. ओआरएस व्यवस्थित जात असूनही सहा-आठ तास लंगोट कोरडाच राहिला, किंवा पापण्या सुजल्या, तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसू लागली, अंगावर दाबल्यावर न जाणारे बारीक लाल ठिपके उठले, मूल पेंगुळले किंवा त्याला झटका आला, तर आणखी पाणी पाजत बसू नका. मूत्रपिंडे बंद पडली असतील, तर तेच पाणी फुप्फुसात साठते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढण्यापेक्षा लहान मुलांचे डायलिसिस जिथे होते अशा रुग्णालयात थेट जायला हवे. तुमच्या जिल्ह्यात ते कुठे होते आणि रात्री तिथे कोणता फोन उचलला जातो, हे तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारून घ्या आणि तो क्रमांक मुलाच्या डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.